सायलेन्सरमुळे गेलेला कार्ब्युरेटर : आमच्या गॅरेजची वाटचाल

साताऱ्यात हायवेलगत पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन मी १९८८ साली गॅरेज टाकलं. त्याआधी सहा वर्षं पुण्यात एका वस्तादांकडे होतो. पहिली दोन वर्षं रॉकेलात पार्ट धुण्यात आणि चहा आणण्यात गेली. कार्ब्युरेटर हातात मिळायला तिसरं वर्ष उजाडलं, आणि त्या दिवशी वस्तादांनी जे सांगितलं त्यावर पुढं माझं पोट चाललं : "इंजिन पेट्रोल ओढत नाही रे, हवा ओढतं. पेट्रोल तिच्या मागनं येतं."

कार्ब्युरेटर उभा धरून वरून बघितलं तर मधोमध एक नळी दिसते. ती मध्येच कमरेसारखी आवळलेली असते. पिस्टन खाली गेला की हवा या नळीतून आत धावते, आणि आवळलेल्या जागी तिला जास्त वेगानं जावं लागतं. जिथं हवेचा वेग वाढतो तिथं तिचा दाब कमी होतो. बाजूला पेट्रोलची एक वाटी असते. तिच्यात बाहेरच्या हवेचा नेहमीचा दाब असतो. वाटीत दाब जास्त, कमरेत कमी, म्हणून वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ढकललं जातं, धावत्या हवेत मिसळतं आणि तुषार होऊन इंजिनात जातं. वाटीतली पातळी फ्लोट सांभाळतो. गच्चीवरच्या टाकीला बॉल कॉक असतो, तसलाच प्रकार. त्या बारीक भोकाला आम्ही जेट म्हणतो.

प्रमाण किती, तर वजनानं एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. वजनात सांगितलं की पटकन डोळ्यांसमोर येत नाही. मी गिऱ्हाइकाला सांगायचो, एक लिटर पेट्रोल नीट जळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते, म्हणजे आपल्या गल्लीत येणारा पाण्याचा मोठा टँकर जवळजवळ भरेल एवढी. आणि त्या टँकरचा हिशोब हे पितळेचं भोक ठेवतं.

भोकाचा विषय निघालाच आहे तर एक डॉक्टर आठवतात. त्यांची प्रीमियर पद्मिनी होती, सोलेक्स कार्ब्युरेटरवाली. दुसरीकडं सर्व्हिसिंग केल्यापासून ॲव्हरेज बारावरून साडेनऊ-दहावर आलं, प्लग काजळीनं काळे, आणि सकाळी सायलेन्सरमधून धूर. फ्लोटची पातळी तपासली, ठीक होती. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई गळत नव्हती. गार इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून हवा अडवणारा चोक पूर्ण उघडत होता. मग मेन जेट काढला. सोलेक्सच्या जेटवर आकडा कोरलेला असतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे १२० लिहिलं असेल तर भोक १.२० मिलिमीटरचं. यावर १२०च होतं. मी १.२ चा ड्रिल हातानं घालून पाहिला, तो आत डुलत होता. १.३ चा घातला, तोही गेला. कुणीतरी कचरा काढायला जेटमध्ये तार फिरवली होती. मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण भोकाचं क्षेत्रफळ सतरा टक्क्यांनी वाढतं, आणि पेट्रोल क्षेत्रफळाप्रमाणे येतं. नवा जेट टाकला आणि आठवड्यानं डॉक्टर मिठाई घेऊन आले. आमच्याकडं पोरांना तेव्हापासून सक्त नियम आहे : जेटला फक्त फुंकर किंवा कॉम्प्रेसरची हवा, तार नाही.

पण एका जेटवर गाडी चालत नाही, आणि खरी कारागिरी तिथंच होती. गाडी उभी असताना थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणारी, पाकळी जवळजवळ मिटलेली असते. कमरेतून जाणारी हवा इतकी मंद असते की मेन जेटमधून काहीच येत नाही. म्हणून पाकळीच्या खाली, जिथं इंजिनाचा व्हॅक्यूम जबर असतो, तिथं आयडलिंगसाठी वेगळं बारीक भोक ठेवतात. एकदम ॲक्सिलरेटर दाबला की हवा लगेच धावते, पेट्रोल मात्र जड असल्यानं मागं राहतं आणि गाडी गचका खाते. म्हणून एक छोटा पंप त्या क्षणी पेट्रोलची पिचकारी मारतो. त्याचा रबरी पडदा फाटला की गिऱ्हाईक म्हणणार, "पिकअपला खातीये." वेग वाढत गेला की पेट्रोल हवेपेक्षा जास्तच वाढत जातं, म्हणून त्यात वरून थोडी हवा मिसळणारा आणखी एक जेट. थंडीत सुरू करायला चोक. अशी एकेका अडचणीला एकेक ठिगळ लावत तो डबा तयार झाला होता. मला तो फार आवडायचा, हे कबूल करतो.

तरी त्याला बाहेरचं काही कळत नव्हतं. मुंबईहून महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या आमच्या भागात यायच्या तेव्हा ते दिसायचं. वर साडेतेराशे मीटरवर हवा बारा-एक टक्क्यांनी विरळ होते. पेट्रोलही कमी ओढलं जातं, पण त्याच्या निम्म्यानंच. म्हणजे सहाएक टक्के पेट्रोल जादा. गाडी वर सुस्त व्हायची, खाली उतरली की शहाणी. मे महिन्यात खंबाटकी चढताना तर इंजिनाच्या उष्णतेनं पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ व्हायची, वाटी रिकामी पडायची, गाडी बंद. पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास गप्पा मारायच्या, हाच इलाज. आमच्या धंद्याचा चांगला हिस्सा त्या घाटानं दिला.

१९९८-९९ पर्यंत ट्यूनिंगला रांग असायची. नंतर ती ओसरू लागली. लोक म्हणायचे, इंजेक्शनवाल्या गाड्या ॲव्हरेज जास्त देतात म्हणून कार्ब्युरेटर गेला. माझं मत वेगळं आहे. इंजिनापुरतं बोलायचं तर नीट लावलेला कार्ब्युरेटर अजून बरीच वर्षं चालला असता. तो गेला सायलेन्सरमुळे.

सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला, त्यानं सगळं बदललं. त्याला दोन उलटी कामं एकाच वेळी करायची असतात : अर्धवट जळालेले वायू पूर्ण जाळायचे, त्याला ऑक्सिजन लागतो, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घ्यायचा, त्याला ऑक्सिजन जादा असून चालत नाही. दोन्ही जमतात ते फक्त त्या १४.७च्या अगदी आसपास. इंजिन पाच-सात टक्क्यांची चूक पोटात घालतं, कन्व्हर्टर एका टक्क्यालाही कुरकुरतो. आणि कार्ब्युरेटरला तर मागं धुरात काय निघालं हे कळायची सोयच नाही.

इंजेक्शनमध्ये ती सोय आहे. टाकीतला पंप साधारण तीन बार दाबानं पेट्रोल ते फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत आणून ठेवतो. ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान बघून तिचं वजन काढतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. आयडलिंगला दोन-तीन मिलिसेकंद, जोरात पळताना त्याच्या कितीतरी पट. मग सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर उत्तर तपासतो. पेट्रोल जादा झालं तर ०.९ व्होल्टकडं जातो, कमी झालं तर ०.१ कडं. ईसीयू लगेच दुरुस्ती करतो. घाट असो, थंडी असो, तो स्वतःच जेट बदलत राहतो म्हणा ना. बॉश कंपनीनं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ सालीच फोक्सवॅगनच्या गाडीत दिलं होतं, ऑक्सिजन सेन्सर १९७६ साली व्होल्वोत आला. आपल्याकडं दिल्लीच्या धुरावरून सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये आदेश दिले, तिथं २००० पासून युरो दोनचे नियम लागले, आणि मारुती ८०० सुद्धा एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली, झाली.

आमच्याकडं मात्र ती वर्षं वाईट गेली. २००१ ते २००४ मी चक्क इंजेक्शनच्या गाड्या परत पाठवत होतो. दोन फिटर सोडून गेले. शेवटी पतसंस्थेचं कर्ज काढून स्कॅनर घेतला आणि तो चालवायला आयटीआय झालेल्या पुतण्याला बसवला.

त्याची पहिली मोठी केस माझ्या डोळ्यांसमोर आहे. एक एमपीएफआय हॅचबॅक, काळा धूर, प्लग काळे, ॲव्हरेज सतरावरून बारावर. मी वास घेतला आणि म्हटलं, चोक अडकलाय. पोरगा हसला, "काका, हिला चोकच नाही." त्यानं स्कॅनर लावला. इंजिन हात लावू देत नव्हतं इतकं तापलेलं, आणि पडद्यावर पाण्याचं तापमान ११ अंश! डॅशबोर्डचा काटा बरोबर होता, कारण या गाडीत काट्याला वेगळा सेन्सर आणि ईसीयूला वेगळा. ईसीयूचा सेन्सर काढून मीटरवर मोजला. ८० अंशाला तीनशे ओहमच्या आसपास हवेत, तेवढेच होते. म्हणजे सेन्सर चांगला. मग कनेक्टर उघडला तर आत हिरवी बुरशी धरलेली पिन. त्या गंजानं तीन-साडेतीन हजार ओहम वाढवले होते. तारेत ओहम जास्त म्हणजे इंजिन गार, अशी ईसीयूची समजूत, म्हणून तो तासन्‌तास चोक ओढल्यासारखं जादा पेट्रोल देत होता आणि ऑक्सिजन सेन्सरचं ऐकायलाही तयार नव्हता. पिन साफ केली, पडद्यावर ८६ आले, धूर थांबला. माझं निदान तसं चुकलं नव्हतं म्हणा. फक्त चोक तारेत जाऊन बसला होता.

एप्रिल २०२० मध्ये बीएस सहा आलं आणि नव्या मोटरसायकलींचाही कार्ब्युरेटर गेला. मला वाटलं, आता जुन्या जेटचे खण रिकामे करून सगळं भंगारात द्यावं. पण जुन्या पद्मिनी, ओम्नी, २०२० आधीच्या बाइक्स येतच राहिल्या, आणि त्यात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळं या पेट्रोलला १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास प्रमाण बसतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून ते ओळखून सावरून घेते. कार्ब्युरेटर जुन्याच मापानं देत राहतो, म्हणजे सातएक टक्के कमी. गाडी गरम होते, चढाला गचके खाते, आणि जुना रबरी पडदा फुगतो तो वेगळाच.

म्हणून मागच्या वर्षीपासून पद्मिनीला आम्ही १२० काढून १२५ चा जेट बसवतो. क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, बरोबर जमतं. हे मी कौतुकानं पुतण्याला सांगत होतो, तर तो म्हणाला, "मुंबईचं गिऱ्हाईक महाबळेश्वरला राहणार असेल तर बदलूच नका. वर सहा टक्के जादा, इथेनॉलनं सात टक्के कमी." हिशोब करून पाहिला. बेट्याचं बरोबर होतं.