निळी वायर अर्थिंगच्या पिनेला

नागपुरात एप्रिलच्या मध्यापासून माझ्याकडे येणारे बहुतेक फोन कूलरचे असतात, आणि त्यांपैकी ‘करंट मारतो’ या तक्रारीला मी बाकी सगळी कामे सोडून आधी जातो. पत्र्याची बॉडी, आत पाण्याची टाकी आणि बादलीने पाणी भरणारे ओले हात असा हा प्रकार असल्यामुळे तिथे उद्यावर ढकलण्यासारखे काही नसते. महाल भागातल्या एका जुन्या घरातून मे महिन्यात आलेला फोन असाच होता. घरातल्या काकू व्हरांड्यातल्या कूलरला हात लावताच मागे फेकल्या गेल्या होत्या. पायात रबरी चपला होत्या आणि हात ओला नव्हता, म्हणून कोपर दुखावण्यापलीकडे त्यांना काही झाले नाही.

घरच्यांनी जे सांगितले ते मात्र नेहमीचे नव्हते. हा कूलर महिनाभर हॉलमध्ये चालत होता आणि तिथे त्याने कधीच करंट मारला नव्हता. पाहुणे येणार म्हणून तो व्हरांड्यात नेला, बटण दाबले, तर पंखा फिरेना. काय झाले ते पाहायला काकू जवळ गेल्या आणि पत्र्याला हात लागला. त्यांचा मुलगा म्हणाला, “काकाजी, मोटर जळाली असन. सकाळपर्यंत तर चांगला चालून राहिला होता.” मोटरच्या वाइंडिंगमधून किंवा पंपाच्या भिजलेल्या जोडातून वीज बॉडीत उतरते, हे कूलरच्या बाबतीत नेहमीच घडते, आणि मीही प्रथम तेच गृहीत धरले. पण तसे असते तर कूलरने हॉलमध्येही कधी ना कधी झिणझिण्या दिल्या असत्या.

मी पत्र्याला टेस्टर टेकवला, तो लख्ख पेटला. लगेच मेन स्विच बंद केला आणि कूलरचा टॉप, म्हणजे वायरीच्या टोकाचा तीन पिनांचा प्लग, सॉकेटमधून ओढून बाहेर काढला. यापुढची तपासणी वीज नसताना करायची असते. मल्टिमीटर रोधाच्या मापावर ठेवला, त्याचे एक टोक बॉडीच्या रंग खरवडलेल्या स्क्रूवर धरले आणि दुसरे टोक टॉपच्या तिन्ही पिनांना आळीपाळीने लावले. निर्दोष कूलरमध्ये वरची जाड आणि लांब पीन, म्हणजे अर्थिंगची, बॉडीशी सरळ जोडलेली दिसते आणि मीटर एक ओहमच्याही खाली उतरते. फेज आणि न्यूट्रल या खालच्या दोन पिनांचा बॉडीशी काहीही संबंध दिसता कामा नये. इथे जाड पिनेवर मीटर हललेच नाही आणि न्यूट्रलच्या पिनेवर जवळजवळ शून्य दाखवू लागले. म्हणजे मोटर जळालेली नव्हती, दोष त्या मुठीएवढ्या टॉपमध्ये होता.

टॉप उघडला. कूलरची वायर तीन कोअरची होती: एक तपकिरी, एक निळी आणि एक हिरवी, जिच्यावर पिवळा पट्टा असतो. उपकरणाच्या वायरीत तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी म्हणजे अर्थिंग, असा आता बहुतेक ठिकाणी चालणारा संकेत आहे. या टॉपमध्ये तपकिरी बरोबर जागी होती. निळी वरच्या जाड पिनेला होती आणि हिरवी-पिवळी न्यूट्रलला. जुना टॉप एका बाजूने वितळला म्हणून शेजारच्या एका होतकरू मुलाने तो बदलून दिला होता. मी त्याला बोलावून घेतले, रागावण्यासाठी नव्हे, तर असे का केले हे मला समजून घ्यायचे होते. त्याचे उत्तर प्रामाणिक होते. आवरण सोलताना हिरवी कोअर आखूड तुटली, ती वरच्या पिनेपर्यंत पोहोचेना, म्हणून त्याने ती जवळच्या न्यूट्रलच्या स्क्रूखाली दाबली आणि निळी वर लावली. “न्यूट्रल आणि अर्थिंग शेवटी एकच ना? दोन्हींवर टेस्टर पेटत नाही,” असे त्याचे म्हणणे. हे वाक्य मी अनुभवी वायरमनच्या तोंडूनही ऐकलेले आहे.

ते एकच नाहीत, आणि या कूलरने ते दोन खोल्यांत दोन प्रकारे दाखवले. हॉलमधल्या सॉकेटची वायरिंग बरोबर होती, म्हणजे सॉकेटकडे तोंड करून पाहिले तर वर अर्थिंग, उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल. तिथे मोटरमधून गेलेली वीज निळ्या कोअरने न्यूट्रलऐवजी घराच्या अर्थिंगमध्ये जात होती आणि बॉडी न्यूट्रलला चिकटलेली होती. न्यूट्रल जमिनीच्या जवळपासच्याच व्होल्टेजवर असल्यामुळे पत्र्याला हात लावून काही कळत नव्हते. व्हरांड्यातल्या सॉकेटमध्ये मात्र कुणीतरी पूर्वी फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले होते, हे टेस्टर डाव्या भोकात पेटल्यावर कळले. अशा उलट्या सॉकेटवर नीट जोडलेला कूलर बिनतक्रार चालतो, म्हणून ती चूक वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात आली नव्हती. पण या टॉपची न्यूट्रलची पीन बॉडीला जोडलेली असल्याने इथे पूर्ण 230 व्होल्ट पत्र्यावर आले. मोटरच्या एका टोकाला न्यूट्रल आणि दुसऱ्या टोकाला अर्थिंग मिळाल्यामुळे पंखा फिरलाच नाही. कूलर कोरड्या स्टँडवर उभा असल्याने जमिनीकडे जायला विजेला वाट नव्हती, त्यामुळे एमसीबीही पडला नाही. तो जास्त प्रवाहावर पडतो, माणसावर नाही.

हे सांगत असताना काकूंना एक गोष्ट आठवली. महिनाभरापासून ओल्या हाताने फ्रिजचे दार उघडले की मुंग्या यायच्या, आणि कूलरही हॉलमध्ये पूर्वीपेक्षा हळू फिरायचा. दोन्हींचा दोष त्यांनी उन्हाळ्यातल्या कमी व्होल्टेजला दिला होता. मला शंका आली म्हणून फ्रिजचा टॉप काढून ठेवला, कुणीही कुठल्या धातूच्या उपकरणाला हात लावू नये असे सांगितले आणि मेन स्विच पुन्हा चालू करून हॉलच्या सॉकेटमध्ये शंभर वॅटचा टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगच्या मध्ये क्षणभर लावला. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात मीटरवर सुमारे 12 व्होल्ट आले. त्या दिव्याला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो, कूलरला त्याच्या दुपटीहून थोडा जास्त. म्हणजे कूलर चालू असताना घरातल्या अर्थिंगवरच 25 व्होल्टच्या आसपास चढत असणार, आणि त्या अर्थिंगला जोडलेल्या फ्रिजच्या पत्र्यावरही तेवढेच. मोटरला तेवढे व्होल्ट कमी मिळत होते, म्हणून पंखा मंद. आणि पंचवीस व्होल्टवर टेस्टरचा निऑन पेटतच नाही, त्यामुळे ‘टेस्टर पेटला नाही म्हणजे धोका नाही’ हा त्या मुलाचा पुरावा मुळातच अपुरा होता. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा पाहिला, तर माती भेगाळून कोरडी ठाक पडली होती, आणि कोरडी माती वीज सहज जमिनीत जाऊ देत नाही.

टॉप त्या मुलाकडूनच पुन्हा जोडून घेतला आणि मी शेजारी बसलो. प्रथम वायरीचे टोक कापायला लावले. वितळलेल्या टॉपजवळचे तांबे काळपट पडलेले असते आणि ते स्क्रूखाली पुन्हा तापते, म्हणून आतली तार चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे कापावी. जुना टॉप वितळण्याचे कारणही सैल स्क्रू हेच असणार, कारण तो एकाच पिनेशी काळा झाला होता. मग नव्या टॉपचे झाकण आधीच वायरीत ओवून घेतले. हे विसरले की सगळे जोडून झाल्यावर पुन्हा सोडावे लागते आणि त्या कंटाळ्यात कामे बिघडतात. बाहेरचे आवरण सुमारे चार सेंटीमीटर सोलले, पण आतल्या कोअरच्या रंगीत आवरणाला पाते लागू दिले नाही. लागलेच तर तेवढा भाग कापून पुन्हा सुरुवात करायची.

यानंतर त्याच्या मूळ चुकीची जागा आली. तपकिरी आणि निळी आपापल्या पिनेच्या मापाने कापली आणि हिरवी-पिवळी मुद्दाम दीडेक सेंटीमीटर लांब ठेवली. वरची पीन लांब असते हे एक कारण. दुसरे असे की वायर कधी हिसकली गेलीच, तर फेज आणि न्यूट्रल आधी सुटावेत आणि अर्थिंग सर्वांत शेवटी. टॉप मागून, म्हणजे स्क्रू दिसतील असा, आणि जाड पीन वर येईल असा धरला की फेज उजवीकडे येते. पिना आपल्याकडे करून धरला तर तीच डावीकडे दिसते आणि इथे बरेच जण गोंधळतात. म्हणून बाजू पाठ न करता पिनेजवळ कोरलेले एल, एन आणि ई वाचावे. एल फेज, एन न्यूट्रल, ई अर्थिंग. टोके सेंटीमीटरभर सोलून तारा पीळ देऊन घट्ट केल्या आणि स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने त्याभोवती वळवल्या. एकही सुटी तार बाहेर राहू दिली नाही. टोकांना कथील लावायची सवय काहींना असते, पण कथील दाबाखाली हळूहळू पसरते आणि स्क्रू सैल होतो. शेवटी वायर धरणारी पट्टी बाहेरच्या जाड आवरणावर आवळली. ती आतल्या कोअरवर आवळली तर वायर ओढल्यावर सगळा ताण स्क्रूवर येतो.

रंगांबद्दल त्या मुलाचा दुसरा गोंधळ मला रास्त वाटला. घराच्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये तो लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थिंग असे शिकला होता, आणि थ्री-फेजच्या घरात लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेज असतात. म्हणजे भिंतीत फेज असू शकणारी निळी उपकरणाच्या वायरीत न्यूट्रल असते. जुन्या कूलरच्या वायरी लाल, काळ्या, हिरव्याच असतात, तर संगणकाच्या काही केबलींत काळी, पांढरी आणि हिरवी दिसते. तिथे काळी हीच फेज असते. म्हणून अनोळखी वायरीत रंगावर न थांबता टॉप जोडल्यावर मल्टिमीटरने पाहावे: जाड पीन बॉडीला मिळते, बाकीच्या दोन मिळत नाहीत, कूलरचे बटण चालू असो वा बंद. आम्ही तसे पाहिले आणि मोटर व बॉडीमध्ये मेगरनेही, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरनेही, तपासले, कारण बॉडीत 230 व्होल्ट आल्यानंतर मोटरला निर्दोष म्हणण्यापूर्वी तेवढे करणे भाग होते.

व्हरांड्याच्या सॉकेटमधल्या दोन वायरी अदलाबदल करून घेतल्या, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडायला सांगितले आणि पुढच्या आठवड्यात त्या घरात गळतीचा प्रवाह दिसताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. ती एप्रिलमध्येच असती, तर मोटरची वीज न्यूट्रलऐवजी अर्थिंगमधून परतताना हॉलमध्ये बटण दाबल्याबरोबर पडली असती आणि टॉपमधली चूक त्याच दिवशी उघडी झाली असती.