पिकोतला 'सी' रात्री दोन वाजता सापडतो

"मॅडम, विषय बेडसोअरचाच आहे, चारही रकाने भरलेत, तरी गाईड पिको प्रश्न सारखा परत का पाठवतात?"

बहुतेक वेळा 'सी'मुळे. पिको हा संशोधनाचा प्रश्न मांडायचा साचा. त्यात पी म्हणजे कोणते रुग्ण, आय म्हणजे आपण काय करणार, सी म्हणजे तुलना कशाशी आणि ओ म्हणजे काय मोजणार, हे तुम्हाला पाठ असतं. पण सीच्या रकान्यात 'नेहमीची काळजी' एवढं लिहून सगळ्या पुढे जातात, आणि ती नेहमीची काळजी कुणी पाहिलेलीच नसते.

इथे नाशकातच एम.एस्सी.ची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिचा प्रश्न होता, 'अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलल्यास बेडसोअर टळतात का?' मी विचारलं, वॉर्डात आत्ता किती तासांनी बदलतात? म्हणाली, "दोनच, चार्टवर आहे ना." मग तुलना दोन तासांची दोन तासांशीच करणार का? ती गप्प. म्हटलं, एक रात्र मेडिसिन वॉर्डात वही घेऊन बस. कुठे लाली दिसली तर मात्र लगेच सिस्टरांना सांग.

सकाळी वही घेऊन आली. पक्षाघाताच्या एका आजोबांना रात्री दहाला डाव्या कुशीवर केलं होतं, ते पहाटे पाचला स्पंजिंगच्या वेळीच हलले. चार्टवर बारा, दोन, चार अशा तिन्ही टिका होत्या, एकाच पेनाने, एका दमात मारलेल्या. सिस्टरांना बोल लावण्यात अर्थ नाही, चाळीस खाटांना रात्री दोघीच होत्या. पण ते सात तास हाच तिचा खरा सी होता.

आयसुद्धा तिथेच सापडला. आपल्याकडे खाटेशेजारी चादर अंथरून नातेवाईक झोपलेला असतोच. त्याला ३० अंशांचा कल शिकवायचा: रुग्णाला पूर्ण कुशीवर न आणता पाठीमागे उशी लावायची, म्हणजे भार कमरेखालच्या हाडावरही येत नाही आणि खुब्यावरही नाही. दुसरी उशी पिंडरीखाली, टाच अधांतरी. फोनवर दोन तासांचा गजर. (टाचेखाली पाणी भरलेला ग्लोव्ह ठेवायची सवय अजून दिसते. तो आयमध्ये घालू नका, मार्गदर्शक सूचनांनी तो नकोच म्हटलंय.)

मग ओ. तिने लिहिलं होतं, 'बेडसोअर कमी होणे.' पण नक्की कोणती जखम मोजायची? पहिल्या टप्प्यात त्वचा फाटलेली नसते, फक्त लाली असते आणि बोटाने दाबून सोडलं तरी ती फिकी पडत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर ही लाली नजरेतून सहज सुटते. म्हणून शेजारच्या त्वचेशी ताडून जागा गरम लागते का, टणक किंवा पिलपिलीत लागते का, दुखते का, हेही तपासायचं. आणि तपासणारी व्यक्ती कूस बदलण्याच्या कामातली नको.

'नवी जखम' या शब्दातही खोच आहे. सुरगाणा-पेठकडून रेफर झालेला रुग्ण घरी आणि मग गाडीत तासन् तास एकाच जागी पडून आलेला असतो. खोलवरच्या ऊतींची इजा त्वचेवर उमटायला ४८ ते ७२ तास लागू शकतात. म्हणजे भरतीनंतर तिसऱ्या दिवशी दिसलेला जांभळा डाग वॉर्डाचा की वाटेतला, हे सांगता येत नाही. असे डाग तिने वेगळे नोंदवायचे ठरवले.

मी स्वतः माझ्या वेळी याहून सोपा रस्ता धरला होता. परिचारिकांना शिकवलं, आधी आणि नंतर प्रश्नावली घेतली, गुण वाढले, पदवी मिळाली. एकाही रुग्णाची पाठ मी पाहिली नव्हती. ओमध्ये 'ज्ञान' लिहिलं की काम लवकर उरकतं, पण तो प्रश्न परिचारिकांविषयीचा होतो, जखमेविषयीचा नाही.

एक अडचण तिला उशिरा कळली. एका खाटेवर गजर वाजला की शेजारचा मुलगाही उठून वडिलांना वळवतो! मग सी आयमध्येच मिसळला. म्हणून एकाच वॉर्डात अर्धे-अर्धे रुग्ण न करता आधीचे तीन महिने तुलनेचे आणि नंतरचे तीन गजराचे, असं तिने ठरवलं. वर्षातल्या ऋतूचा फरक त्यात शिरतो, ते तिने मर्यादांमध्ये लिहिलं.

शेवटी तिचा प्रश्न असा झाला: 'पक्षाघाताने भरती होऊन २४ तास न उलटलेल्या, दाबजखमेचा धोका दाखवणारे ब्रेडन गुण १८ किंवा कमी आणि त्वचा शाबूत असलेल्या प्रौढ रुग्णांत, नातेवाइकाने गजरावर दर दोन तासांनी ३० अंशांचा कल दिल्यास, वॉर्डातल्या प्रत्यक्ष नोंदवलेल्या काळजीच्या तुलनेत, सात दिवसांत पहिल्या किंवा पुढच्या टप्प्याची नवी दाबजखम होण्याचं प्रमाण कमी होतं का?'

गाईडनी तोही परत पाठवला. 'नातेवाइकाने' या शब्दाभोवती गोल होता. दिवसा सून असते, रात्री मुलगा. शिकवणार कुणाला?