मुलाखतीचं पहिलं मिनिट आणि डोमकळी

लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेच्या मुलाखतीत मी खुर्चीत बसले आणि अध्यक्षांनी थेट विचारलं, "तुमच्याकडे कापूस मोठा. बीटी असूनही गुलाबी बोंडअळी का येते? आणि आली हे शेतकऱ्याने कसं ओळखायचं?"

आमच्या घरचंच पीक. 2017 साली विदर्भात बोंडअळीने कहर केला तेव्हा आमच्याही वावरात किडकी बोंडं होती. तरीही त्या क्षणी डोक्यात काही म्हणजे काही उरलं नाही. तोंडाला कोरड पडली, हृदयाचे ठोके कानात ऐकू यायला लागले, आणि समोरची तिघं माझ्याकडे बघत होती.

अशा वेळी आधी एक ओळखावं लागतं: उत्तर येतच नाही की येतंय पण सुचत नाही? येत नसेल तर त्याच्या आसपासचंही काही आठवत नाही. मला मात्र अळीने पोखरलेली सरकी, वेचणीच्या बायकांची ओटी, बापूंनी बोंड फोडताना वापरलेला अंगठा हे सगळं दिसत होतं, फक्त शब्द लागत नव्हते. म्हणजे माहिती होती. "माहीत नाही" म्हणून प्रश्न सोडून देणं चुकीचं ठरलं असतं.

मी म्हटलं, "सर, उत्तर नीट मांडण्यासाठी काही सेकंद घेऊ का?" ते म्हणाले, "घ्या की." पाय जमिनीवर पूर्ण टेकवले, आणि श्वास आत घेतला त्याहून सावकाश बाहेर सोडला. लांब उच्छ्वासाने ठोके उतरतात. दुसऱ्या उच्छ्वासाला ते जाणवलं.

पण श्वासाने फक्त घबराट कमी होते, उत्तर आपणच शोधावं लागतं. व्याख्या, शास्त्रीय नाव, कारणांची यादी यांतलं काहीच मी आठवायला गेले नाही. पिकाच्या वयाचा क्रम धरला. पेरणीपासून निघायचं आणि जे आधी दिसतं ते आधी सांगायचं.

"सर, पेरणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी पात्या-फुलं लागतात, तेव्हा काही फुलं नीट उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली राहतात. त्याला आम्ही डोमकळी म्हणतो. ती उघडली की आत अळी सापडते. तिथूनच शोध सुरू करायचा." 'डोमकळी' हा शब्द तोंडातून गेला आणि पुढचं आपोआप येऊ लागलं. नर पतंगांना मादीच्या वासाने ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी पाच लावायचे, सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करायची वेळ. पुढे बोंडं धरली की वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची, दोनांत अळी निघाली तर नुकसान दहा टक्क्यांवर गेलं असं समजायचं. बोंड बाहेरून धडधाकट दिसतं, कारण कोवळी अळी आत शिरली की तिचं भोक बुजून जातं. म्हणूनच उशिरा केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही.

बीटी असून का येते, हा प्रश्नाचा पहिला अर्धा भाग मी मुद्दाम शेवटी घेतला. तोवर आवाज स्थिर झाला होता. अळीत बीटीच्या विषाला प्रतिकार तयार झाला आहे, हा प्रतिकार वाढू नये म्हणून लावायच्या बिगरबीटीच्या आश्रय ओळी बहुतेक जणांनी लावल्या नाहीत, आणि फरदड ठेवल्याने, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवल्याने, अळीला डिसेंबरनंतरही खायला मिळत राहतं, असं सांगितलं.

शेजारच्या मॅडमनी लगेच विचारलं, "तुमच्या तालुक्यात मागच्या हंगामात कापसाखाली किती हेक्टर होतं?" हे मात्र मला खरंच येत नव्हतं. "निश्चित आकडा माहीत नाही, मॅडम," एवढंच म्हटलं. इथे थांबून वेळ मागण्यात अर्थ नव्हता. मॅडमनी मान हलवली आणि पुढे गेल्या.

मग अध्यक्षांनी फरदडीचा धागा पकडला. "शेतकऱ्याला धोका माहीत असतो, तरी फरदड का ठेवतो?" मी म्हटलं, "सर, उभ्या पिकाला एखादं पाणी दिलं की बिनलागवडीच्या आणखी एक-दोन वेचण्या पदरात पडतात. नुसतं 'काढून टाका' म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. पाणी असेल तिथे पऱ्हाट्या वेळेत काढून हरभरा पेरायचा, आणि बियाणं त्याच आठवड्यात मिळेल हे आम्ही बघायचं."

"आणि पाणी नसेल तिथे?" त्यांनी विचारलं.

"तिथे फरदडीतूनही फार काही निघत नाही, सर. अशा वावरात डिसेंबरअखेर जनावरं सोडून, पऱ्हाट्या उपटून मोकळं करणं लोकांना पटतं. तिथून सुरुवात करेन."