चारात एक गोदाम पडलं, तर ब्रेकर काय करेल?

आमच्या खराडीच्या ऑफिसात शनिवारी हायरिंग ड्राइव्ह असतो. त्याची तऱ्हा बाहेरच्यांना माहीत नसते. पॅनेलवरच्या माणसाला एक फॉर्म देतात. त्यात रकाने असतात : टाइमआउट बोलला का, रिट्राय बोलला का, बॅकऑफ बोलला का, सर्किट ब्रेकर बोलला का. बोलला की टिक. समजून बोलला की पाठ करून, याला रकाना नाही. त्यामुळे दुपारपर्यंत तेच चार शब्द त्याच क्रमाने ऐकून कान किटतात, आणि हिंजवडीहून दीड तास ट्रॅफिक काढून आलेल्या पोराला आपण नक्की काय विचारतोय, असा प्रश्न पडतो.

त्या शनिवारी जेवणानंतर एक मुलगी आली. लातूरकडची, चार-पाच वर्षांचा अनुभव. पॅनेलवर मी आणि आमचे आर्किटेक्ट. प्रश्न नेहमीचाच दिला : औषधं घरपोच देणारं ॲप आहे. ऑर्डर सर्व्हिस प्रत्येक ऑर्डरच्या वेळी स्टॉक सर्व्हिसला विचारते, माल आहे का. स्टॉक सर्व्हिस अडखळली तर ऑर्डर सर्व्हिस कशी वाचवाल?

तिने आधी आकडे मागितले. हे दहात एखादाच करतो. मी दिले : ऑर्डर सर्व्हिसच्या एका इन्स्टन्सवर सेकंदाला 100 विनंत्या, स्टॉकचं उत्तर साधारण 50 मिलिसेकंदांत येतं, हजारातली 999 उत्तरं 700 मिलिसेकंदांच्या आत येतात, आणि विनंत्या हाताळणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरचे थ्रेड मुळातल्या सेटिंगप्रमाणे 200.

"म्हणजे एरवी पाचच थ्रेड स्टॉकमध्ये अडकलेले असतात," ती म्हणाली. सेकंदाला 100 गुणिले 0.05 सेकंद. "आता स्टॉक सर्व्हिस मेली नाही, नुसती गप्प बसली, आणि आपला टाइमआउट 30 सेकंद आहे असं धरू. 100 गुणिले 30, म्हणजे तीन हजार थ्रेड हवेत. आहेत 200. दोन सेकंदांत संपले."

हा हिशेब मला फार आवडतो, कारण त्यातून कळतं की मेलेल्या सर्व्हिसपेक्षा गप्प सर्व्हिस वाईट. मेलेली लगेच एरर देते, थ्रेड सुटतो. गप्प बसलेली थ्रेड धरून ठेवते, आणि दोन सेकंदांनी ज्या ग्राहकाला स्टॉकशी काही देणंघेणं नाही, फक्त जुन्या ऑर्डरी बघायच्यात, त्यालाही उत्तर मिळत नाही. हेल्थ चेक त्याच थ्रेडांवर चालत असेल तर तोही अडकतो, आणि प्लॅटफॉर्म आपला धडधाकट इन्स्टन्स आजारी समजून मारून टाकतो. जावाच्या जुन्या HttpURLConnection मध्ये रीड टाइमआउट काहीच न सांगितल्यास शून्य असतो, आणि शून्याचा अर्थ तिथे "कायम वाट बघ" असा आहे. पायथॉनचं requests सुद्धा टाइमआउट दिला नाही तर थांबूनच राहतं. हे निर्णय कोणी घेतले, त्यांना एकदा भेटायचंय.

तिने टाइमआउट एक सेकंद ठरवला. 700 मिलिसेकंदांच्या वर थोडी जागा ठेवली, म्हणजे चांगली उत्तरं क्वचितच कापली जातील. स्टॉक पूर्ण गप्प बसली तरी 100 थ्रेड अडकतील, 200 मध्ये भागतं.

आर्किटेक्ट म्हणाले, "आणि रिट्राय?"

इथे बहुतेकजण "तीनदा, एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ" म्हणून मोकळे होतात. तिने बोर्डवर वरच्याच हिशेबाखाली लिहिलं : तीन वेळा एक सेकंद, म्हणजे एका विनंतीचे तीन सेकंद, म्हणजे 300 थ्रेड. मधली थांबण्याची वेळ वेगळीच. "सर, टाइमआउटने जे वाचवलं ते रिट्रायने घालवलं. शिवाय स्टॉकवर सेकंदाला 100 ऐवजी 300 विनंत्या. आणि मोबाइल ॲप तीनदा, गेटवे तीनदा, आपण तीनदा असं असेल तर खाली सत्तावीस." म्हणून रिट्राय एकाच थराने करायचा, आणि तोही स्टॉक विचारण्यापुरता. स्टॉक राखून ठेवायची विनंती पुन्हा पाठवायची तर तिच्यासोबत ऑर्डरचा एकच ठरलेला क्रमांक जायला हवा, नाहीतर एकाच ग्राहकासाठी दोन पाकिटं अडकतील. कारण टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही असं नव्हे, झालं की नाही ते आपल्याला कळलं नाही, एवढंच.

बॅकऑफची ओळही तिने न अडखळता लिहिली, जिटरसकट :

```python
wait = random.uniform(0, min(cap, base * 2 ** attempt))
```

शून्यापासून रँडम घेतल्यामुळे एकाच क्षणी आपटलेले सगळे इन्स्टन्स पुन्हा एकाच क्षणी उठत नाहीत. पण लगेच पुढे म्हणाली की याने काम पुढे ढकललं जातं, कमी होत नाही. सर्व्हिस दहा मिनिटं आजारी असेल तर नवे ग्राहक येतच राहतात, आणि मागचे ढकललेले रिट्राय त्यांच्यात मिसळतात. म्हणून बजेट : प्रत्येक यशस्वी विनंतीमागे बादलीत 0.1 टोकन, रिट्रायला एक टोकन, बादली दहाची. सगळं नीट असताना एखादी विनंती अडखळली तर रिट्राय मिळतो. सगळंच पडलं तर दहा टोकनं संपतात आणि रिट्राय आपोआप बंद होतात.

फॉर्मवर तीन टिका झाल्या होत्या. आर्किटेक्टांनी घड्याळ बघितलं. "आणि सर्किट ब्रेकर लावाल ना?"

"स्टॉक सर्व्हिसच्या मागे डेटा कसा विभागलाय?" तिने उलट विचारलं.

मी म्हटलं, धरा चार गोदामं, प्रत्येकाचा वेगळा डेटाबेस, ऑर्डरी सारख्या वाटलेल्या.

"मग या कॉलवर एक ब्रेकर मी लावणार नाही."

आर्किटेक्टांनी पेन खाली ठेवलं. त्यांना सर्किट ब्रेकरचं प्रेम आहे. नेटफ्लिक्सची हिस्ट्रिक्स ही ब्रेकरची लायब्ररी आली तेव्हापासूनचं, आणि ती 2018 पासून नुसत्या देखभालीवर आहे हे त्यांना सांगितलेलं आवडत नाही. त्यांनी तिला घरातला एमसीबी समजावला : बिघाड झाला की पडतो, घर वाचतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हो सर, पण घरात प्रत्येक लाइनला वेगळा असतो. गीझर बिघडला तर फ्रिज बंद पडत नाही."

मग तिने जे लिहिलं ते मी फोनवर फोटो काढून ठेवलंय. जावाची रेझिलियन्स4जे लायब्ररी घ्या. ब्रेकर मुळात शेवटचे 100 कॉल बघतो आणि त्यातले 50 टक्के किंवा जास्त फसले की उघडतो, म्हणजे पुढचे कॉल खाली जाऊच देत नाही. एका गोदामाचा डेटाबेस गप्प बसला तर 25 टक्के कॉल फसतील, म्हणजे ब्रेकर हलणार नाही, असं आपण समजतो. पण ही लायब्ररी स्प्रिंग बूटसोबत वापरली तर रिट्राय मुळात ब्रेकरच्या बाहेर बसतो आणि ब्रेकर आत, म्हणून प्रत्येक प्रयत्न ब्रेकरला वेगळा दिसतो. 100 ग्राहकांपैकी 75 चं काम एका प्रयत्नात होतं. उरलेले 25 प्रत्येकी तीनदा आपटतात, म्हणजे 75 अपयशं. ब्रेकरच्या डोळ्यांनी 150 पैकी 75. बरोबर 50 टक्के.

ब्रेकर उघडतो. आणि मग चारही गोदामं बंद. मुळातली सेटिंग तशीच असेल तर 60 सेकंद. नंतर दहा कॉल चाचपणीला सोडतो, त्यांतले बरेच चांगल्या गोदामांचे निघतात, ब्रेकर मिटतो, थोड्या वेळात पुन्हा निम्मे फसतात, पुन्हा उघडतो. डॅशबोर्डवर दिसतं की स्टॉक सर्व्हिस मधूनमधून पूर्ण जाते आणि येते. कोणीही नेटवर्क तपासायला धावेल. एक गोदाम सतत मेलेलं आहे हे त्या चित्रात दिसतच नाही, कारण ब्रेकर उघडा असताना त्याचे आणि बाकीच्यांचे आकडे सारखेच वाईट. ओळखायचं तर लॉगमधल्या CallNotPermittedException, म्हणजे ब्रेकरनेच अडवलेले कॉल, बाजूला काढून फक्त खरे टाइमआउट गोदामाप्रमाणे मोजायला हवेत.

म्हणजे रिट्राय आणि ब्रेकर दोन्ही पुस्तकी रीतीने, मुळातल्या सेटिंगवर लावले तर पाव बिघाडाचा पूर्ण बिघाड होतो. तिचं टाइमआउट-बजेटचं डिझाइन त्याच प्रसंगात चांगल्या तीन गोदामांना हातही लावत नाही : 25 थ्रेड अडकलेले, बजेटातल्या रिट्रायचे आणखी सात-आठ, चार कामाला, बाकी मोकळे.

आर्किटेक्ट मात्र हटले नाहीत, आणि त्यांच्या हट्टात तथ्य होतं हे मान्य करायला हवं. ते म्हणाले, सेलच्या दिवशी 100 चे 200 झाले आणि स्टॉक पूर्ण गप्प बसली तर 200 गुणिले एक सेकंद, थ्रेड संपले. तिने या कॉलला एकावेळी 60 थ्रेडांची मर्यादा घातली, एकसष्टाव्याला ताबडतोब नकार. ऑर्डर सर्व्हिस वाचली. मग ते म्हणाले, पण तुमचे ते 60 तर सेकंदाला 60 विनंत्या आपटतच राहणार. नुकती उठलेली स्टॉक सर्व्हिस, कॅश रिकामी, तिला श्वास कोण घेऊ देणार? ब्रेकर निदान शांतता देतो.

ती थोडं थांबली. मग म्हणाली, गोदामागणिक ब्रेकर. गोदामाचा क्रमांक विनंतीतच आहे, तेव्हा ऑर्डर सर्व्हिसला आतली विभागणी कळण्याची गरज नाही.

वेळ संपली. आर्किटेक्टांनी चौथ्या रकान्यात फुली मारली आणि शेऱ्यात लिहिलं, "सूचना दिल्यावरच आलं." मी शेऱ्यात तिचा 150 पैकी 75 चा हिशेब लिहिला. एचआरने दोन्ही शेरे मिळून "होल्ड" केलं. आमच्याकडे होल्डचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

मला अजून जे सुटलेलं नाही ते तिचं शेवटचं उत्तर. चार गोदामांना ते चोख बसतं : प्रत्येक ब्रेकरला सेकंदाला 25 कॉल, चार सेकंदांत 100 जमतात. पण शहरभर लहान लहान 400 स्टोअर असतील तर? सेकंदाला 100 ऑर्डरींत एका स्टोअरच्या वाट्याला चार सेकंदांत एक. ब्रेकर किमान 100 कॉल जमल्याशिवाय निकाल देत नाही. म्हणजे 400 सेकंद, जवळजवळ सात मिनिटं. रिट्राय धरले तरी दोन मिनिटांच्या वर. किमान संख्या पाचवर आणली तर दोन योगायोगी टाइमआउट आणि एक खरा एवढ्यावर तो उघडेल. सगळ्या इन्स्टन्सचे आकडे एकत्र करायचे तर ब्रेकरलाच एक सामायिक सर्व्हिस लागते, आणि ती गप्प बसली तर काय, हा प्रश्न पुन्हा पहिल्या ओळीवर.

सोमवारी मी आमच्याच पेमेंट कॉलची सेटिंग उघडली. रिट्राय बाहेर, ब्रेकर आत, दोन्ही मुळातल्या आकड्यांवर, आणि मागे तीन बँकांचे गेटवे. तिथे पाव नाही, तिसरा हिस्सा : तीनातला एक पडला तर 100 पैकी 33 ग्राहक तीनदा आपटून 99 अपयशं, यशं 67. साठ टक्क्यांच्या आसपास. गेटवेगणिक ब्रेकरचं तिकीट मी टाकलंय. ते आर्किटेक्टांच्या मंजुरीला पडून आहे.