आमची वाटचाल: भागीदारीच्या डीडमधली दोन कलमं

शिरोली एमआयडीसीत आमचा कास्टिंगच्या मशिनिंगचा जॉबवर्क आहे. भागीदार तिघं. मी आणि माझा आतेभाऊ शॉप सांभाळतो, भांडवलातला मोठा वाटा आत्याचा. २०१३ साली डीड करायला बसलो तेव्हा आत्याने पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही दोघं पगार घेणार, मग माझ्या दहा लाखांचं काय?"

उत्तर सीएंनी दिलं. कामकाजात भाग न घेणाऱ्या भागीदाराला दिलेला पगार फर्मच्या खर्चात धरला जात नाही, पण भांडवलावरचं व्याज कोणत्याही भागीदाराला देता येतं. डीडमध्ये तशी तरतूद हवी आणि दर सरळव्याजाने वर्षाला १२ टक्क्यांपर्यंतच. डीडमध्ये १८ लिहिलं तरी वजावट १२ चीच मिळते, आणि ९ लिहिलं तर ९ ची. आम्ही १२ लिहिलं, आणि तिघांच्या संमतीने कमी किंवा शून्य व्याज लावायची मुभाही ठेवली.

एवढी काळजी कशासाठी? फर्मला माणसासारखे टप्पे नसतात. पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. फर्मने कर भरल्यावर वाटलेला नफा भागीदाराला करमुक्त असतो. उलट व्याज आणि पगार फर्मच्या उत्पन्नातून वजा होतात आणि भागीदाराच्या हातात त्याच्या टप्प्यांप्रमाणे करपात्र ठरतात. ते धंद्याचं उत्पन्न मानलं जातं, त्यामुळे नोकरदाराला मिळणारी स्टँडर्ड डिडक्शन मात्र मिळत नाही. भागीदार आधीच ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर या वाटणीतून फारसं काही हाती लागत नाही.

आमचं २०२४-२५ चं उदाहरण जवळच्या पूर्ण आकड्यांत मांडतो. घसारा आणि बाकी सगळे खर्च जाऊन नफा १४,४०,०००. भांडवल आत्याचं १० लाख, आम्हा दोघांचं पाच-पाच लाख. १२ टक्क्यांनी व्याज २,४०,०००, त्यातले १,२०,००० आत्याचे. उरले १२ लाख, हाच बुक प्रॉफिट. पगाराची मर्यादा यावरूनच काढतात. पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के म्हणजे ५,४०,०००, उरलेल्या ६ लाखांवर ६० टक्के म्हणजे ३,६०,०००. एकूण ९ लाख. ही मर्यादा साऱ्या फर्मची, माणशी नव्हे. आम्ही दोघांनी साडेचार-साडेचार लाख घेतले. फर्मकडे करपात्र ३ लाख राहिले आणि कर झाला ९३,६००. माझा पगार आणि व्याज मिळून ५,१०,०००, दुसरं उत्पन्न नाही, त्यामुळे नव्या करप्रणालीतल्या सवलतीने मला कर शून्य.

त्याच वर्षापासून मर्यादा वाढली होती. आधी ९० टक्क्यांचा टप्पा ३ लाखांवरच थांबायचा. आमच्या डीडमध्ये पगार "त्या त्या वर्षी आयकर कायद्यात लागू असलेल्या कमाल मर्यादेइतका, दोघांत समान" असा लिहिलेला आहे, म्हणून काही बदलावं लागलं नाही. शेजारच्या एका फर्मच्या डीडमध्ये मात्र जुने आकडेच छापलेले होते. एवढ्याच बुक प्रॉफिटवर त्यांना ८,१०,००० ची वजावट मिळते, म्हणजे २८,०८० रुपये कर जास्त. डीड दुरुस्त केलं तरी ते पुढच्या काळाला लागू, मागच्याला नाही. याहून वाईट म्हणजे "पगार परस्पर संमतीने ठरवला जाईल" असं मोघम कलम. रक्कम किंवा ती काढायची रीत डीडमध्येच हवी, असं १९९६ च्या परिपत्रकात आहे, आणि तपासणीत अशा कलमावर सगळाच पगार नामंजूर होऊ शकतो.

२०२०-२१ ला आम्हाला तोटा झाला. तोट्यातही काही पगार चालतो, तेव्हा साऱ्या फर्मला मिळून दीड लाख, आता ३ लाख. आम्ही पंच्याहत्तर-पंच्याहत्तर हजार घेतले, आत्याने व्याज सोडलं. तो मुभेचा शब्द असा कामी आला.

१ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी आलं. एका भागीदाराचा पगार, व्याज, बोनस, कमिशन मिळून वर्षात २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. पैसे हातात दिले नाहीत, नुसते कॅपिटल खात्यात जमा केले, तरीही. आम्ही दर महिन्याला उचल घ्यायचो आणि पगार मार्चअखेर बुक प्रॉफिट कळल्यावर टाकायचो. आता उचल भांडवलातली की पगारापोटी, हे त्याच वेळी लिहून ठेवतो. पगारापोटी असेल तर टीडीएस लगेच, भांडवलातली असेल तर नाही. आत्याच्या व्याजातून १२,००० कापले जातात. तिचं बाकी उत्पन्न नाही, पण ते परत मिळवायला आता तिलाही दरवर्षी आयटीआर भरावा लागतो. सीएंची त्याची फी फर्म देणार नाही, भाच्याने द्यायची, असं तिने सांगून टाकलंय.