आमची वाटचाल : ज्यांनी आमच्यासाठी शब्द टाकला त्यांना कळवत राहणं

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं शॉप आहे, टर्निंग, ग्राइंडिंग, थोडंफार मिलिंग. आम्ही सेल्सवाला कधी ठेवलाच नाही आणि खरं सांगायचं तर परवडलाही नसता. बहुतेक कस्टमर कुणीतरी "हा मुलगा चांगलं काम करतो, बघा एकदा" असं म्हटल्यामुळे आले. त्यामुळे ओळख करून देणाऱ्याला नंतर काय कळवायचं हे आमच्याकडे क्वालिटी रिपोर्टइतकंच नियमाने होतं. नव्याने धंद्यात आलेली पोरं विचारतात म्हणून एक केस सांगतो.

आमचे हीट ट्रीटमेंटवाले काका. चाकणच्या एका कंपनीच्या परचेसवाल्या साहेबांनी त्यांना पिनसाठी व्हेंडर विचारला, काकांनी माझा नंबर दिला आणि व्हॉट्सॅपवर तिघांचा ग्रुप करून दोन ओळी लिहिल्या. ग्रुपवर मी फक्त साहेबांना नमस्कार करून भेटीची वेळ मागितली, आणि वेळ ठरल्यावर पुढचं बोलणं साहेबांच्या नंबरवर नेलं, नाहीतर काकांचा फोन आमच्या ड्रॉइंगच्या चर्चेने दिवसभर वाजत बसतो. (ओळख मेलवर झाली असेल तर पहिल्याच उत्तरात आभार मानून त्यांना बीसीसीत टाकायचं, म्हणजे पुढची लांबण त्यांच्याकडे जात नाही.)

आभाराचा मेसेज काकांना त्याच संध्याकाळी वेगळा पाठवला. साधारण असा:

"काका, आज साहेबांशी बोलणं झालं, गुरुवारी भेट ठरलीये. पिन आहेत, २०एमएनसीआर५ मटेरियल, आपल्या मशिनवर बसणारं काम आहे. तुम्ही माझं नाव सुचवलंत म्हणून त्यांनी लगेच वेळ दिली. भेटून आलो की कळवतो, तुम्हाला परत फोन करायची गरज नाही."

यातलं शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालतो. ते नसेल तर समोरच्याला वाटतं की आता आपणच पाठपुरावा करायचाय, आणि दोन-तीनदा असं ओझं झालं की माणूस पुढच्या वेळी नाव सुचवताना हात आखडता घेतो. नुसतं "थँक यू काका" आणि हात जोडलेला इमोजी पाठवला तर त्यांना काहीच कळत नाही.

पुढे कधी कळवायचं, तर काहीतरी हललं की. भेट झाली, कोटेशन गेलं, सॅम्पल गेले, पीओ आली, पहिला लॉट पास झाला. खरी अडचण कोटेशन आणि सॅम्पलच्या मधे येते, तिथे महिना महिना काही घडतच नाही आणि मग आपणही गप्प बसतो. तेव्हा एकच ओळ टाकायची, "काका, अजून कॉस्टिंगला आहे, मी बघतोय."

याचा उपयोग आम्हाला याच केसमध्ये झाला. सॅम्पल अर्धे झाले असताना कंपनीने ड्रॉइंगचं नवीन रिव्हिजन पाठवलं, ग्रीसच्या होलची जागा बदलली, त्यामुळे सॅम्पलची तारीख पुढे गेली. मी त्याच दिवशी काकांना कळवलं होतं. आठवड्याने ते दुसऱ्या कामाला चाकणला गेले तर तिथे कुणीतरी म्हणालं, तुमचा माणूस लेट आहे. काका म्हणाले, रिव्हिजन तर तुमच्याकडूनच आलंय ना? विषय तिथेच संपला. काकांना माहीत नसतं तर ते तिथे कानकोंडे झाले असते, आणि माझ्याबद्दलची बातमी त्यांना माझ्याकडून नाही तर कंपनीकडून मिळाली असती.

काय सांगायचं नाही तेही महत्त्वाचं. रेट, ड्रॉइंग, पीओचा फोटो कुणालाच नाही, कितीही जवळचा असला तरी, ती कस्टमरची माहिती आहे. काकांनी एकदा सहज विचारलं, रेट काय लागला रे? म्हटलं परवडणारा मिळालाय काका, ते हसले आणि चहा मागवला. कस्टमरच्या तक्रारी पण त्यांच्याकडे करायच्या नाहीत, पेमेंट अडकलं तरी आधी अकाउंट्सच्या मागे लागायचं, कारण काकांचा स्वतःचा धंदा त्याच कंपनीत आहे.

ऑर्डर नाही मिळाली तर त्याच दिवशी कळवायचं, कारणासकट. एका दुसऱ्या ओळखीत आमचा रेट बसला नाही, तेव्हा मेसेज केला की व्हॉल्यूम मोठा होता, आपल्या मशिनवर तो रेट निघत नव्हता, पण साहेबांनी छोट्या लॉटसाठी लक्षात ठेवतो म्हटलंय. ओळख देणाऱ्याला यातून हेही कळतं की आमच्याकडे कुठलं काम पाठवावं.

देण्याघेण्याचं म्हणाल तर काकांना पहिल्या लॉटनंतर स्वतः जाऊन पेढे दिले, कमिशनचा विषय त्यांनीही काढला नाही. पण ओळख देणारा त्याच कंपनीत नोकरीला असेल तर आम्ही मिठाईचा बॉक्स पण नेत नाही, नुसता फोन करतो, उगाच त्याच्या नोकरीवर कुणी बोट ठेवायला नको. पिनची हीट ट्रीटमेंट आता काकांकडेच जाते, पण हार्डनेस रिपोर्ट त्यांच्याकडूनही दर लॉटला मागतोच.