तुम्ही विचारलंत म्हणून: हातमोजा घातला की टच का मरतो

"ताई, हातमोजे घातले की मोबाईलला टच लागतच नाही, असं का? आणि मग दवाखान्यातल्या सिस्टर रबरी ग्लोव्हज घालून फोन कसा काय चालवतात?"

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला थंडी पडली की माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात रोज कुणीतरी येतंच हे विचारायला, जास्त करून सकाळी गाडीवर फिरणारी डिलिव्हरीची पोरं. सगळ्यांना वाटतं की मोज्यामुळे बोटाचा दाब पोचत नाही, काहींना वाटतं ऊब पोचत नाही. यातलं काहीच नाहीये. आत्ताच्या फोनच्या टचला दाब लागत नाही आणि ऊबही लागत नाही. नुसत्या नखाच्या टोकाने दाबून बघा, बोटाचं मांस लागू न देता, कितीही जोर लावा, बहुतेक वेळा काही होणार नाही. दाबावर चालणारे टच वेगळे, त्यात वरचा पातळ पडदा दबून खालच्याला चिकटतो, जुन्या फोनमध्ये असायचे, त्यांना हातमोजा काय, पेनाचं टोपणही चालायचं.

आत्ताच्या फोनमध्ये काचेखाली अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणाऱ्या तारांची जाळी असते, आडव्या आणि उभ्या, दोन तारांमध्ये साधारण 4-5 मिलीमीटर अंतर. एका दिशेच्या तारांना टचची आयसी एकेक करून सिग्नल देते आणि दुसऱ्या दिशेच्या तारांवर तो किती पोचला ते मोजते, आणि असं अख्ख्या स्क्रीनवर सेकंदाला शंभरेक वेळा चालू असतं. जिथे आडवी आणि उभी तार एकमेकींना ओलांडते तिथे एक छोटासा कपॅसिटर, म्हणजे किंचित वीज साठवणारा जोड, तयार होतो, एखाद-दोन पिकोफॅरडचा, म्हणजे एका फॅरडचा लाख कोटीवा भाग. आता आपलं अंग म्हणजे मिठाचं पाणीच, वीज नेणारं. बोट काचेवर आलं की त्या दोन तारांमधलं थोडं विद्युतक्षेत्र बोट स्वतःकडे ओढून घेतं, दुसऱ्या तारेवर पोचणारा सिग्नल किंचित कमी होतो, आयसीला तेवढंच हवं असतं. बोट एकाच वेळी आजूबाजूच्या चार-सहा जोडांवर असतं, कुठे किती कमी झालं त्याचा हिशोब करून नेमकी जागा काढली जाते, म्हणून तारा एवढ्या लांब लांब असूनही छोटं बटण बरोबर लागतं.

आता हातमोज्याकडे येऊ. बोट आणि तारा यांच्यामध्ये जे काही आहे त्याची जाडी तर महत्त्वाची आहेच, पण ते कशाचं आहे हे जास्त महत्त्वाचं, आणि हेच बहुतेकांना माहीत नसतं. प्रत्येक पदार्थाचा एक आकडा असतो, त्यातून विद्युतक्षेत्र किती सहज जातं त्याचा. हवेचा 1, काचेचा साधारण 7. लोकरीच्या विणलेल्या मोज्यात निम्म्याहून जास्त हवाच अडकलेली असते (म्हणून तर तो गरम वाटतो), त्यामुळे त्याचा आकडा दीडच्या आसपास धरा. जाडीला या आकड्याने भागायचं आणि मग काचेशी तुलना करायची. 2 मिलीमीटर जाड लोकरीचा मोजा म्हणजे स्क्रीनवर अजून 9 मिलीमीटरपेक्षा जास्त काच ठेवल्यासारखं होतं! फोनची स्वतःची काच असते अर्धा-पाऊण मिलीमीटर. म्हणजे बोटाची ओढ पंधरा-वीस पटीने कमी झाली. सिस्टरांचा रबरी ग्लोव्ह जेमतेम 0.1 मिलीमीटरचा आणि बोटाला घट्ट चिकटलेला, मध्ये हवा नाही, त्या रबराचा आकडा 4 धरला तर तो पाव मिलीमीटर काचेपेक्षाही कमी भरतो, फोनला पत्ताही लागत नाही. हिशोब ढोबळ आहे, पण फरक केवढा आहे ते कळतं.

याच कारणाने मी गिऱ्हाईकांना फक्त कडेला गोंद असलेला टेम्पर्ड ग्लास लावू नका म्हणून परत परत सांगते. मधे राहिलेली 0.2 मिलीमीटरची हवा म्हणजे जवळजवळ दीड मिलीमीटर जास्तीची काच, आणि मग लोक डिस्प्लेच गेला म्हणून डिस्प्ले आणि टचचा अख्खा कॉम्बो बदलायला घेऊन येतात. टेम्पर्ड काढला की टच पहिल्यासारखा.

मग कंपन्या टच अजून नाजूक का नाही करत, असंही विचारतात. आयसीने एक रेघ ठरवलेली असते, सिग्नल तेवढा कमी झाला तरच तो टच धरायचा. हलका चार्जर लावला की तारांवर कचरा सिग्नल येतो, पाण्याचा थेंब पडला तर तोही विद्युतक्षेत्र हलवतो, त्यामुळे रेघ फार खाली आणली की फोन आपोआप उघडझाप करायला लागतो. काही फोनमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये `Touch sensitivity` असतं, ते चालू केलं की हीच रेघ खाली येते, पातळ मोजा चालून जातो, जाड लोकरीला तेही पुरत नाही. आणि मोजे काढल्यावर बंद करायला विसरू नका, बोट काचेला लागायच्या आधीच टच लागू शकतो.

गेल्या जानेवारीत एक पोरगा आला, टच-स्क्रीनवाले म्हणून घेतलेले मोजे, तरी ऑर्डर ॲक्सेप्ट होत नव्हती. मी आधी त्याच्या फोनमध्ये `Developer options` मधलं `Pointer location` चालू केलं, त्यात बोट फिरवलं की स्क्रीनवर रेघ उमटते. उघड्या बोटाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अखंड रेघ, म्हणजे टच ठीक. मोज्याने रेघच नाही. असल्या मोज्यांच्या टोकाला चांदीचा थर दिलेला धागा विणलेला असतो, त्याचं काम एवढंच की बोटाची त्वचा मोज्याच्या बाहेर आणून ठेवायची. मल्टीमीटरची एक पिन मोज्याच्या आत आणि एक बाहेर टेकवली, काहीच रीडिंग नाही. मोजा उलटा केला तर आतून जाड फ्लीसचं अस्तर, धागा बाहेरच राहिलेला, त्वचेला लागतच नव्हता. तसलाच धागा मिळवून (शेजारच्या टेलरकाकांकडे जरीचा होता, तो चालला नाही, मग ऑनलाईन मागवला) अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला आरपार सात-आठ टाके घातले, दोन्ही बाजूंना धाग्याचा छोटा पुंजका राहील असे. मीटरने काही किलो-ओहम दाखवले, एवढं चालतं, कारण इथे करंट अगदीच नगण्य असतो. `Pointer location` वर अखंड रेघ आली.

दोन दिवसांनी तो परत, हातात चालतंय पण गाडीच्या होल्डरवर असताना मधेच तुटतं म्हणाला. फोन हातात असला की दुसऱ्या हातातून सर्किट पूर्ण व्हायला मदत होते, रबरी होल्डरवर फोन एकटा लटकलेला असतो, ओढ कमी होते, उघड्या बोटाला एवढं जाणवत नाही पण मोज्याचा सिग्नल आधीच काठावरचा. त्याला सांगितलं, गाडी थांबवल्यावर ॲक्सेप्ट दाबताना डाव्या हाताने फोनची कड धर, आणि टाके सात-आठचे पंधरा करून दिले.